सोपं लिहिलं म्हणून संशय

चौथी-पाचवीतल्या मुलाचा निबंध मोबाईलवर टाइप करायचा, एखाद्या फुकटच्या संकेतस्थळावर नेऊन चिकटवायचा, आणि ‘अमुक टक्के एआयने लिहिलेला’ असा लाल आकडा आला की मुलाला वर्गात उभं करून विचारायचं, ‘खरं सांग, कोणी लिहून दिलं?’ हे प्रकार सुरू झाले आहेत. काही शिक्षक ते उत्साहाने करतात, तर काही नाइलाजाने, कारण घरून लिहून आणलेल्या निबंधात मुलाचं किती आणि मोबाईलचं किती हे ठरवायला दुसरं काही हाताशी नाही असं त्यांना वाटतं. माझं म्हणणं असं की प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या लिखाणाला हे यंत्र लावूच नये, ‘नुसता अंदाज म्हणून’सुद्धा लावू नये. कारण साधं आहे. ते यंत्र जे मोजतं, ते या वयाच्या मुलाच्या लिखाणात असणारच असतं, कारण आपणच ते त्याला शिकवलेलं असतं.

आधी ते काय मोजतं ते पाहू. निबंध कोणी लिहिला हे यंत्राला कळायची काहीच सोय नसते. त्याच्यासमोर फक्त शब्द असतात. मग ते असं करतं की एकेका शब्दापाशी थांबून, आधीचे शब्द पाहता हा शब्द येईल असा अंदाज किती सहज बांधता आला असता, याचा हिशोब करतं. ‘सूर्य पूर्वेला’ इतकं वाचल्यावर ‘उगवतो’ येणार हे कोणीही सांगेल. त्या जागी ‘रेंगाळतो’ आला तर आपण दचकू. निबंधभर असे दचके किती बसले याची सरासरी काढली की एक आकडा मिळतो, त्याला पर्प्लेक्सिटी म्हणतात. आकडा लहान म्हणजे सगळं अपेक्षेप्रमाणे, मोठा म्हणजे अनपेक्षित. चॅटजीपीटीसारखी भाषेची मॉडेल्स स्वतः लिहिताना संभाव्य शब्दच जास्त करून निवडतात, म्हणून त्यांच्या मजकुराचा आकडा लहान येतो. इथपर्यंत सगळं बरोबर आहे. चूक होते ती हे उलटं वाचताना: आकडा लहान, म्हणजे एआयने लिहिलं.

एक वाक्य घेऊन हिशोब करून पाहू. ‘रात्री’ या शब्दानंतर मुलाने लिहिलं, ‘आई मला गोष्ट सांगते.’ सोयीसाठी असं धरू की ‘आई’ येण्याची शक्यता चारात एक, ‘मला’ची चारात एक, ‘गोष्ट’ची आठात एक आणि ‘सांगते’ची दोनात एक. ४, ४, ८ आणि २ यांचा गुणाकार २५६. चार शब्द आहेत म्हणून त्याचं चौथं मूळ काढायचं, ते येतं ४. आता त्याच वाक्यात ‘गोष्ट’ काढून ‘आख्यायिका’ घाला आणि हा शब्द तिथे येण्याची शक्यता २०४८ मध्ये एक आहे असं धरा. बाकी काही बदललं नाही तरी गुणाकार ६५,५३६ होतो आणि आकडा ४ वरून थेट १६ वर जातो. हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत, पण हिशोबाची रीत हीच. म्हणजे ‘रात्री आई मला गोष्ट सांगते’ हे संशयास्पद, आणि ‘रात्री आई मला आख्यायिका सांगते’ हे अस्सल माणसाचं! दहा वर्षांचं कोणतं मूल आईच्या गोष्टीला आख्यायिका म्हणतं? कोणी म्हणत असेल तर उलट त्याच्याकडेच चौकशी करावी लागेल.

या यंत्रांची दुसरी मोजणी वाक्यांच्या चढउताराची असते. माणूस एक लांबलचक वाक्य लिहितो, मग एक तुटक, मग पुन्हा मध्यम. एआयचा मजकूर त्या मानाने एकसारखा चालतो, असं यामागचं गृहीतक आहे. मोठ्या माणसांच्या लिखाणापुरतं ते बऱ्याच वेळा खरंही असेल. पण पाचवीतल्या मुलाची वाक्यं चार-पाच शब्दांचीच असतात, कारण त्याची लिहिण्याची ताकद तेवढी असते आणि ‘छोटी छोटी वाक्यं करा’ हे आपणच त्याला सांगितलेलं असतं. त्यात मराठीत क्रियापद शेवटी येतं. मुलांच्या निबंधात ते ‘आहे’, ‘असते’, ‘येतो’, ‘आवडते’ यांच्यापलीकडे फारसं जात नाही. शिवाय ‘माझी’ म्हटलं की पुढे ‘मोठी’ आणि ‘आवडती’ हे लिंगवचनाने आधीच बांधलेलं असतं. म्हणजे प्रत्येक वाक्याचं शेपूट आधीच ओळखू येतं. एवढ्या आखूड वाक्यात शेपूटच वाक्याचा चौथा-पाचवा हिस्सा असतं.

आता नाशिकमधल्या पाचवीच्या एखाद्या मुलीने लिहावा तसा एक निबंध घेऊ. विषय ‘माझी नदी’. फळ्यावर बाईंनी मुद्दे दिलेत: नाव, उगम, घाट, पावसाळा, का आवडते. मुलगी लिहिते:

‘माझ्या नदीचे नाव गोदावरी आहे. ती त्र्यंबकेश्वरला उगम पावते. नाशिकला रामकुंड आहे. तिथे लोक आंघोळ करतात. पावसाळ्यात नदीला पूर येतो. तेव्हा आम्ही दुतोंड्या मारुती बघायला जातो. पाणी त्याच्या छातीपर्यंत आले होते. पप्पा म्हणाले, आता मागे हो. मला माझी नदी खूप आवडते.’

नऊ वाक्यं, ४१ शब्द. सगळ्यात आखूड वाक्य तीन शब्दांचं, सगळ्यात लांब सहा शब्दांचं. चढउतार जवळजवळ नाहीच. पहिली पाच वाक्यं आणि शेवटचं वाक्य फळ्यावरच्या मुद्द्यांतून सरळ आलेली आहेत. त्या वर्गातल्या चाळीस मुलांच्या वह्या उघडल्या तर थोड्याफार फरकाने हीच सहा वाक्यं सापडतील. ती एकसारखी आहेत कारण मुलांनी सांगितलेलं ऐकलं. बाईंना तेच हवं होतं, परीक्षेत गुणही त्यालाच आहेत.

मधली तीन वाक्यं मात्र फळ्यावर नव्हती. गोदेला पूर आला की पाणी किती चढलं हे नाशिककर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. पायाला लागलं, कमरेला आलं, छातीला भिडलं. ही मोजपट्टी या गावाची आहे. ‘पाणी त्याच्या छातीपर्यंत आले होते’ हे वाचलं की पंचवटीतल्या कोणत्याही शिक्षकाला कळेल की मुलगी तिथे उभी होती. आणि ‘पप्पा म्हणाले, आता मागे हो’ हे तर निबंधात बसतसुद्धा नाही. मध्येच क्रियेचा काळ बदललाय, ‘जातो’ वरून ‘आले होते’ वर उडी आहे, आणि आधी कुठेही न आलेले पप्पा एकदम बोलायला लागलेत. निबंध म्हणून ही चूक आहे. मूल म्हणून हाच पुरावा आहे.

यंत्र या तीन वाक्यांचं काय करतं? ‘दुतोंड्या’ या शब्दापाशी ते थोडं दचकेल, ‘छातीपर्यंत’ला थोडं आणखी. मग ते दचके ४१ शब्दांत वाटले जातात आणि सहा गुळगुळीत वाक्यांखाली बुडून जातात. एकूण निकाल येतो तो फळ्यावरच्या मुद्द्यांचा. शिक्षकाची नजर नेमकी उलट चालते, ती त्या तीन वाक्यांवर थांबते आणि बाकीची सोडून देते. हा निवाडा सरासरीने होऊच शकत नाही.

यात एक विचित्र गोष्ट आणखी आहे. मुलांच्या कच्च्या लिखाणात चुका असतात. ‘पाउस’, ‘नदि’, ‘आंगोळ’, मध्येच विसरलेला अनुस्वार. अशा चुका अनपेक्षित असतात, म्हणून त्या यंत्राचा आकडा वाढवतात आणि मुलाला संशयापासून वाचवतात. पण शाळेत कच्च्या वहीतून पक्क्या वहीत उतरवताना बाई चुका दुरुस्त करतात. स्पर्धेसाठी पाठवायचं असेल तर आई किंवा ताई मोबाईलवर टाइप करते, तिथे कळफलकच पुढचा शब्द सुचवत जातो आणि शुद्धलेखनही सुधारतो. यंत्रापुढे जाईपर्यंत मुलाची खूण पुसलेली असते. वर्गातल्या ज्या मुलांचं शुद्धलेखन चांगलं, ज्यांनी दुरुस्त्या नीट केल्या, त्यांच्यावरच संशय जास्त. हे मला सगळ्यात खटकतं. नीटनेटकं लिहायला लावून त्याच नीटनेटकेपणावर बोट ठेवायचं.

हे माझं तर्कटच आहे का? आधार आहेत, आणि त्यातला एक माझ्या म्हणण्याला पूर्ण साथ देत नाही, तोही सांगतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेम्स झोऊ यांच्या गटाचा एक अभ्यास २०२३ मध्ये ‘पॅटर्न्स’ या नियतकालिकात आला. त्यांनी सात ओळखयंत्रं घेतली आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेल परीक्षेसाठीचे ९१ निबंध त्यांना दाखवले. सगळे माणसांनी लिहिलेले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले. १८ निबंधांवर तर सातही यंत्रांचं एकमत झालं की हे माणसाचं नाही. कारण तपासलं तेव्हा तेच निघालं: मर्यादित शब्द, सरळ वाक्यं, लहान आकडा.

आता उलट बाजू. त्याच अभ्यासात अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे ८८ निबंधही होते, आणि ते यंत्रांनी जवळपास सगळे बरोबर ओळखले. म्हणजे ‘मूल आहे म्हणून फसलं’ असं सरसकट म्हणता येत नाही. तेरा-चौदा वर्षांची, मातृभाषेत लांब लिहिणारी मुलं तिथे सुटली. पण संशोधकांनी पुढे एक प्रयोग केला. त्याच आठवीच्या निबंधांतले शब्द सोपे करून घेतले, आणि चुकीने यंत्राचे ठरणारे निबंध सुमारे ५ टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांच्या पुढे गेले. वय न बदलता, विषय न बदलता, फक्त शब्द सोपे केल्यावर. आपली चौथी-पाचवीतली मुलं मुळातच तिथे उभी असतात. सेमी-इंग्रजी किंवा इंग्रजी माध्यमातलं, घरी मराठी किंवा अहिराणी बोलणारं मूल इंग्रजीत ‘माय व्हिलेज’वर आठ ओळी लिहितं, तेव्हा टोफेलच्या विद्यार्थ्याची अडचण आणि लहान वयाची अडचण या दोन्ही त्याच्या एकाच वहीत असतात.

याच अभ्यासाचा तिसरा भाग हसावं की रडावं असा आहे. टोफेलचे तेच निबंध चॅटजीपीटीला देऊन त्यातले शब्द भारदस्त करून घेतले, तर चुकीचा संशय ६१ टक्क्यांवरून सुमारे १२ टक्क्यांवर आला. म्हणजे स्वतः लिहिलेल्या मुलाने निर्दोष सुटायचं असेल तर त्याने यंत्राची मदत घ्यावी. पालकांना हे कळायला वेळ लागणार नाही.

ज्यांनी ही मॉडेल्स बनवली त्यांचंच म्हणणं पाहा. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं ओळखयंत्र लोकांसाठी खुलं केलं, तेव्हाच सांगितलं होतं की १,००० अक्षरांखालच्या मजकुरावर ते अगदी बेभरवशाचं आहे. आपला गोदावरीचा निबंध त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही नाही. त्यांनी हेही लिहिलं होतं की लहान मुलांनी लिहिलेल्या आणि इंग्रजी नसलेल्या मजकुरावर ते चुकण्याची शक्यता आहे, कारण ते मुख्यतः मोठ्या माणसांच्या इंग्रजी लिखाणावर घडवलेलं आहे. लहान मूल आणि मराठी, दोन्ही सूचना एका वाक्यात. सहा महिन्यांत, जुलैमध्ये, अचूकता कमी म्हणून त्यांनी ते यंत्र मागेच घेतलं. विद्यापीठांत वापरलं जाणारं टर्निटिनही आपला एआयचा अंदाज द्यायला किमान ३०० शब्दांचं सलग गद्य मागतं. पाचवीतलं मूल ३०० शब्द कधी लिहितं? फुकटच्या संकेतस्थळांवर अशा सूचना असल्याच तर पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतात. वर दिसतो तो फक्त लाल आकडा. आजची यंत्रं नुसती सरासरी काढत नाहीत, माणसांचे आणि मॉडेलचे ढीगभर मजकूर दाखवून शिकवलेली असतात, हे खरं. काही खरोखर सुधारलीही असतील. पण नाशिकच्या पाचवीतल्या वह्या दाखवून ज्याला शिकवलं आणि तपासलं, असं एकही यंत्र माझ्या पाहण्यात नाही.

‘पण मुलं करतातच ना हो मोबाईलवरून,’ असं शिक्षक म्हणतात, आणि ते खोटं नाही. फक्त ते आकड्यांत मांडून पाहू. समजा एका शाळेत ४०० मुलांनी निबंध दिले, आणि त्यातल्या २० जणांनी खरोखर यंत्राकडून लिहून घेतले. ओळखयंत्र त्या वीसांतले बारा पकडतं असं धरू, आणि उरलेल्या ३८० प्रामाणिक मुलांपैकी फक्त ५ टक्के चुकीने पकडतं, म्हणजे १९. एकूण ३१ मुलं उभी केली जातील. त्यातली १९ निर्दोष. लाल आकडा आलेल्या मुलाने स्वतः लिहिलेलं असण्याची शक्यताच जास्त! चुकीचं प्रमाण अगदी १ टक्क्यावर आणलं तरी बारा दोषी मुलांबरोबर चार निर्दोष मुलं उभी राहतात. अमेरिकेतल्या व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाने २०२३ मध्ये हाच हिशोब केला: वर्षाला ७५,००० निबंध, एक टक्का चूक, म्हणजे सुमारे ७५० निबंधांवर खोटा आळ. त्यांनी टर्निटिनची ती सोय बंद केली. तिथे निदान स्वतःची बाजू मांडू शकणारी, वीस वर्षांची मुलं होती.

दहा वर्षांचं मूल बाजू मांडत नाही. बाई रागावून विचारतायत म्हणजे आपलं काहीतरी चुकलंच असेल असं त्याला वाटतं. काही मुलं न केलेलं कबूल करून मोकळी होतात, आणि मग ‘बघा, यंत्र बरोबर होतं’ असा निष्कर्ष निघतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई करतं. छडी गेली हे सगळ्यांना माहीत आहे, कलमाचा दुसरा अर्धा भाग कोणी वाचत नाही. एका संकेतस्थळाच्या आकड्यावरून वर्गासमोर लबाड ठरवणं त्या अर्ध्या भागात बसतं, असं मला वाटतं.

‘आम्ही शिक्षा करत नाही, फक्त इशारा म्हणून बघतो,’ हा सगळ्यात सभ्य युक्तिवाद आहे आणि मला तो सगळ्यात कमी पटतो. आकडा एकदा पाहिला की तो डोळ्यांवरून पुसता येत नाही. ‘८४ टक्के’ वाचल्यावर तेच शिक्षक ‘पप्पा म्हणाले, आता मागे हो’ या वाक्याकडे मुलीचं वाक्य म्हणून बघणार नाहीत. हे कुठून आणलं असेल, असं बघतील. इशाऱ्याला काही किंमत असायची तर त्याच्यात थोडी तरी माहिती हवी. वरच्या हिशोबात ती जेमतेम आहे, आणि ४१ शब्दांच्या मराठी निबंधात तेवढीही नाही.

घरून लिहून आणलेला निबंध मुलाचा नसणं ही गोष्ट मोबाईलच्या आधीही होती. निबंधमाला होत्या, मोठा भाऊ होता, ट्यूशनचे सर होते. ‘मी फळा बोलतोय’ किती पिढ्यांनी कोणाच्या वहीतून उतरवला त्याची मोजदाद नाही. तेव्हा आपण यंत्र लावलं नाही. ज्यांना खरंच कळून घ्यायचं होतं ते शिक्षक वर्गात लिहायला बसवत, कच्ची वही मागत, किंवा मुलाला जवळ बोलावून दोन प्रश्न विचारत. हे तिन्ही उपाय अजून चालतात. मोठ्या वर्गात वेळ मिळत नाही ही अडचण खरी आहे. पण मग घरून लिहून आणायला सांगणंच कमी करावं आणि वीस मिनिटं वर्गात लिहू द्यावं. मुद्दे देणं थांबवलं तर आणखी उत्तम, कारण चाळीस वह्या एकसारख्या करण्याचं काम यंत्राच्या आधी फळा करतो.

२७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो, आणि त्यांच्या या नाशकात त्या सुमाराला निबंधस्पर्धा होतातच. ज्या शाळा आणि संस्था त्या घेतात त्यांनी नियमांच्या कागदावर चार ओळी वाढवाव्यात. सातवीपर्यंतच्या गटात कोणतंही ओळखयंत्र वापरलं जाणार नाही. निबंध जागेवर बसून, हाताने लिहायचा. परीक्षकाला शंका आली तर त्याने मुलाशी एकट्याने, वर्गासमोर नाही, पाच मिनिटं बोलायचं आणि निबंधातल्याच गोष्टी विचारायच्या: मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा तू कुठे उभी होतीस, पप्पांनी मागे व्हायला का सांगितलं. आणि त्या पाच मिनिटांतही शंका फिटली नाही, तर निबंध मुलाचाच धरायचा.